‘जास्त’ दिसलं की बेरीज, ही सवय कशी मोडायची: तिसरी-चौथीच्या शाब्दिक उदाहरणांसाठी पायऱ्या आणि सोडवलेल्या उदाहरणांची पद्धत

आधी एक उदाहरण देतो, तिसरी-चौथीला शिकवत असाल तर उद्याच वर्गात देऊन बघा.

सलमाकडे ४५ चिंचोके आहेत. सलमाकडे गणूपेक्षा १७ चिंचोके जास्त आहेत. तर गणूकडे किती चिंचोके आहेत?

माझ्या वर्गात पहिल्यांदा दिलं तेव्हा निम्म्याहून जास्त वह्यांमध्ये ६२ आलं. बेरीज अगदी बरोबर, हातचाही नीट घेतलेला, अक्षर सुंदर, आणि उत्तर चूक. आणि यातली बरीच मुलं अशी होती की ४५ वजा १७ नुसतं फळ्यावर लिहिलं तर पटकन २८ सांगतात, म्हणजे वजाबाकी येत नाही हा प्रश्नच नव्हता. मुलांनी वाक्य वाचलंच नव्हतं. ४५ दिसले, १७ दिसले, ‘जास्त’ दिसलं, झाली बेरीज.

आणि हे आपणच शिकवलेलं असतं हो. ‘एकूण, मिळून, जास्त म्हणजे बेरीज, उरले, कमी, शिल्लक म्हणजे वजाबाकी’ असा तक्ता किती वर्गांच्या भिंतीवर आहे बघा, माझ्याही वर्गात होता. पहिली-दुसरीत तो तक्ता चालतो कारण तिथली उदाहरणंच तशी असतात, शब्द आणि क्रिया एकाच दिशेने जातात. तिसरीत उलट्या वाक्याची उदाहरणं आली की तोच तक्ता मुलाला खड्ड्यात घालतो. लुईस आणि मेयर या दोन संशोधकांनी १९८७ मध्ये हेच दाखवलं होतं की वाक्यातला शब्द एक क्रिया सुचवतो आणि लागते दुसरीच, अशा उदाहरणांत कॉलेजातली मुलंसुद्धा क्रिया उलटी करून बसतात. मग आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांचं काय.

मराठीत तर अजून एक अडचण आहे जी मला फार उशिरा लक्षात आली. आपण बेरजेच्या चिन्हाला ‘अधिक’ म्हणतो, चार अधिक तीन. आणि पुस्तकात ‘जास्त’ऐवजी पुष्कळदा ‘अधिक’ असतं, ‘गणूपेक्षा १७ ने अधिक’. म्हणजे मुलाच्या दृष्टीने वाक्यातच चिन्ह लिहून दिलेलं आहे, त्याने बेरीज केली तर त्याची चूक कशी म्हणायची.

म्हणून या लेखात मी फक्त तुलनेची उदाहरणं घेतोय, म्हणजे ‘पेक्षा’ वाली. ही एक गोष्ट नीट बसली की बाकीच्या शाब्दिक उदाहरणांत मुलं आपोआप थांबून वाचायला लागतात, हा माझा अनुभव आहे.

आधी ‘पेक्षा’ तोंडी पक्का करा

वही-पेन्सिल काढायच्या आधी दोन-तीन दिवस रोज पाच मिनिटं हे करा. दोन मुलं समोर उभी करायची, एकाच्या हातात ७ खडू, दुसरीच्या हातात ४. मुलांना वाक्य बोलायला लावायचं: ‘राजूकडे मीनापेक्षा ३ खडू जास्त आहेत.’ लगेच तेच वाक्य उलटं करायला लावायचं: ‘मीनाकडे राजूपेक्षा ३ खडू कमी आहेत.’ खडू हलले नाहीत, ३ बदलले नाहीत, फक्त आपण कोणाच्या बाजूने बोलतोय ते बदललं. हे मुलांना डोळ्यांनी दिसायला हवं, सांगून उपयोग नाही.

मग प्रश्न एकच, पुन्हा पुन्हा: ‘पेक्षा’ कोणाला चिकटलंय? मीनाला. म्हणजे मीनाशी तुलना चाललीय, मीना हे माप, आणि राजू त्या मापाहून मोठा. मराठीत ‘पेक्षा’ नावालाच चिकटून येतो हा आपला फायदा आहे, मुलं त्या नावाखाली रेघ मारू शकतात. संख्येखाली रेघ मारायची सवय मात्र मोडा, संख्या तर ती कशाही शोधतातच.

घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं असतील तर त्यांना हे वाक्य त्यांच्या भाषेत सांगू द्या, मग मराठीत. आमच्याकडे एक मुलगा महिनाभर ‘गणिताला कच्चा’ होता, आणि खरं तर त्याला ‘पेक्षा’ म्हणजे ‘कडून’ असं काहीतरी वाटत होतं. सलमाने गणूकडून १७ घेतले, असं तो समजत होता. त्याच्या भाषेतून सांगायला लावलं तेव्हा कळलं, नाहीतर मी त्याला वजाबाकीच परत शिकवत बसलो असतो.

पायऱ्या

जॉर्ज पोल्या नावाच्या गणितज्ञाने १९४५ साली चार पायऱ्या मांडल्या होत्या: समजून घ्या, योजना करा, करून बघा, मागे वळून तपासा. सगळीकडे त्याच फिरतात आणि चुकीच्या नाहीत, पण आठ वर्षांच्या मुलाला ‘समजून घे’ म्हटलं तर तो काय करणार? परत एकदा मोठ्याने वाचणार. त्यामुळे प्रत्येक पायरीत मुलाने हाताने किंवा तोंडाने नक्की काय करायचं ते ठरलेलं हवं. मी ‘दिलेली माहिती, विचारलेली माहिती’ असं लिहायला लावणं बंद केलं, कारण मुलं उदाहरणातलीच वाक्यं दोन ठिकाणी उतरवतात आणि आपल्याला वाटतं समजलं.

पहिलं, संख्या न सांगता गोष्ट. फळ्यावर उदाहरण लिहितानाच संख्यांच्या जागी रिकामे चौकोन ठेवा. सलमाकडे काही चिंचोके आहेत, तिच्याकडे गणूपेक्षा काही जास्त आहेत. आता विचारा, कोणाकडे जास्त? संख्या नसल्यामुळे मुलांना करायला दुसरं काही उरतच नाही, वाक्याकडे बघावंच लागतं. एखाद्याला पुस्तक न बघता गोष्ट परत सांगायला लावा. ‘सलमाकडे चिंचोके होते, मग गणूने तिला दिले’ असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबा, कारण त्याने तुलनेची गोष्ट देण्याघेण्याची करून टाकलीय आणि पुढचं सगळं चुकणार.

दुसरं, उत्तराचं वाक्य आधी लिहायचं: ‘गणूकडे ___ चिंचोके आहेत.’ हे अगदी छोटं काम आहे पण यामुळे आपण कोणाची संख्या शोधतोय ते सुरुवातीलाच पक्कं होतं. पूर्वी मुलं शेवटी नुसतं ‘६२’ लिहायची, कशाचे ६२ ते त्यांनाही माहीत नसायचं.

तिसरं, दोन पट्ट्या. ही पद्धत सिंगापूरच्या प्राथमिक शाळांतून जगभर गेली, तिथे १९८० च्या दशकापासून मुलं अशा पट्ट्या काढतात. कागदाच्या दोन आडव्या पट्ट्या, एकीवर सलमा, एकीवर गणू. वहीत असं दिसतं:

```
सलमा  |==================|=========|   ४५
गणू    |========= ? ======|<-- १७ -->|
```

यात तीन गोष्टी सांभाळा. दोन्ही पट्ट्यांची डावी टोकं एकाच रेषेवर हवीत, नाहीतर फरक दिसतच नाही, आणि मुलांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते. दुसरं म्हणजे ४५ चिंचोके गोल गोल काढत बसलेलं मूल दिसेल, त्याला थांबवा, पट्टी म्हणजे ‘इतके सगळे’ एवढंच. आणि लांबी मोजून काढायची नाही, कोण मोठं कोण लहान एवढं बरोबर आलं की झालं. सुरुवातीला आठवडाभर खऱ्या कागदी पट्ट्याच वापरा, जुन्या वर्तमानपत्राच्या चालतात, एक दुसरीच्या खाली ठेवून जास्तीचा भाग दुमडून दाखवता येतो, आणि दुमडला की उरलेली सलमाची पट्टी बरोब्बर गणूएवढी होते. मुलं तिथेच ‘वजाबाकी!’ ओरडतात. क्रिया कोणती ते आपण सांगायचंच नाही.

चौथं, अंदाज. गणूचे ४५ पेक्षा जास्त असतील की कमी? हे वहीच्या कोपऱ्यात लिहायचं, ‘४५ पेक्षा कमी’.

मग मांडणी, ४५ वजा १७, उत्तर २८. आणि शेवटी ताळा. ताळा म्हणजे २८ अधिक १७ बरोबर ४५ एवढंच नाही, कारण ज्याने ६२ काढले त्याचाही ताळा ६२ वजा १७ बरोबर ४५ असा बरोबरच येतो! तो ताळा गणिताचा झाला, गोष्टीचा नाही. उत्तर गोष्टीत घालून वाचायचं: ‘सलमाकडे ४५, गणूकडे ६२, सलमाकडे गणूपेक्षा १७ जास्त.’ वाचताना मुलगा स्वतःच अडखळतो. हा गोष्टीचा ताळा मी इतर सगळ्या पायऱ्यांपेक्षा जास्त जपतो, वेळ कमी असेल तर बाकीचं तोंडी घ्या पण हा सोडू नका.

सोडवलेलं उदाहरण वापरायचं कसं

आपण काय करतो, एक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवतो आणि लगेच खालची दहा वहीत सोडवा म्हणतो. मधली पायरीच नाही. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर प्रयोग केले होते, त्यात नुसती उदाहरणं सोडवत बसलेल्या मुलांपेक्षा एक सोडवलेलं अभ्यासायचं आणि लगेच तसंच एक सोडवायचं असं जोडीजोडीने केलेल्या मुलांना तशीच पुढची उदाहरणं लवकर आणि कमी चुकांत जमली. नवीन मुलाचं डोकं उत्तर शोधण्यातच गुंतलेलं असतं, रीत बघायला जागाच उरत नाही, एवढं साधं कारण आहे.

मी हे एका आठवड्यात असं बसवतो.

सोमवारी फळ्याचे खडूने दोन भाग करायचे. डाव्या बाजूला चिंचोक्यांचं उदाहरण मी स्वतः सोडवतो, आणि सोडवताना अजिबात बोलत नाही. सुरुवातीला मुलांना विचित्र वाटतं, मलाही वाटायचं, पण न बोलल्यामुळे सगळे फळ्याकडे बघतात. पूर्ण झालं की जोडीजोडीने तीन मिनिटं बोलायचं, प्रश्न ठरलेले: गणूची पट्टी लहान का काढली? १७ दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत का लिहिले, पट्टीत का नाही? वजाबाकी का? उत्तर ‘सरांनी केली म्हणून’ आलं तर पुढे जायचं नाही. मुलांनी प्रत्येक ओळीचं कारण स्वतः बोलणं, खरं शिकणं तिथे होतं, नुसतं बघण्यात नाही.

मग उजव्या बाजूला त्याचं भावंड. भावंड म्हणजे सांगाडा तोच, गोष्ट आणि संख्या वेगळ्या: ‘दुकानात ६० किलो गहू आहे. गहू तांदळापेक्षा २४ किलो जास्त आहे. तांदूळ किती?’ डावी बाजू पुसायची नाही, मुलं बघून बघून सोडवतात, सोडवू द्या. ती कॉपी नाही. उत्तर ३६ किलो.

मंगळवारी अर्धवट सोडवलेलं देतो. गोष्ट, उत्तराचं वाक्य, पट्ट्या, अंदाज, मांडणी सगळं मी लिहिलेलं, फक्त शेवटचा ताळा रिकामा. पुढच्यात मांडणी आणि ताळा रिकामे. त्यापुढच्यात फक्त पट्ट्या काढलेल्या, नावंही नाहीत. म्हणजे मागच्या टोकाकडून एकेक पायरी काढून घ्यायची. पुढच्या टोकाकडून काढली तर पट्टीच मुलाला काढायला लागते, ती सगळ्यात अवघड, आणि तिथेच अडकून बसतं. हे मी उलटं करून बघितलंय, दोन दिवस वाया गेले.

बुधवार माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. फळ्यावर शेजारी शेजारी दोन उदाहरणं लिहायची, संख्या त्याच, नावं तीच, शब्दही ‘जास्त’च.

सलमाकडे ४५ चिंचोके आहेत. सलमाकडे गणूपेक्षा १७ जास्त आहेत. गणूकडे किती?

सलमाकडे ४५ चिंचोके आहेत. गणूकडे सलमापेक्षा १७ जास्त आहेत. गणूकडे किती?

पहिल्याचं २८, दुसऱ्याचं ६२. सोडवायच्या आधी नुसतं विचारा, दोन्हीत वेगळं काय आहे? माझ्या वर्गात एक मुलगी बराच वेळ बघून म्हणाली, ‘सर, पेक्षा सरकलंय.’ मला यापेक्षा चांगलं शिकवता आलं नसतं, आता आमच्या वर्गात तेच वाक्य चालतं, ‘पेक्षा कुठे सरकलंय बघ’. त्याच दिवशी मी भिंतीवरचा तो शब्दांचा तक्ता मुलांकडूनच काढून घेतला.

गुरुवारी ‘कमी’ची बाजू. ‘एका एसटीत ३८ प्रवासी आहेत. त्या एसटीत दुसऱ्या एसटीपेक्षा १४ प्रवासी कमी आहेत. दुसरीत किती?’ उत्तर ५२, शब्द ‘कमी’ आणि क्रिया बेरीज. सोमवारसारखंच, एक सोडवलेलं, एक भावंड. चौथीला असाल तर इथे ‘पट’ही आणता येतं, आईचं वय ३६, ते मुलाच्या वयाच्या ४ पट आहे, तर मुलगा किती वर्षांचा. ‘पट’ दिसलं की गुणाकार करून १४४ वर्षांचा मुलगा काढतात मुलं. आईची पट्टी मुलाच्या पट्टीएवढ्या चार तुकड्यांची काढली की ९ लगेच दिसतं.

शुक्रवारी चार उदाहरणांचा छोटा कागद, सगळी मिसळून, फळा पुसलेला. त्यात एक असं टाकतो ज्याला उत्तरच नाही: ‘वर्गात १८ मुलं आणि १४ मुली आहेत, तर बाईंचं वय किती?’ फ्रान्समध्ये ग्रनोबल इथे साधारण १९८० च्या सुमारास मुलांना असाच प्रश्न दिला होता, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, कप्तानाचं वय किती, आणि बहुतेक मुलांनी त्याच संख्या वापरून उत्तर दिलं होतं. तुमच्या वर्गात ३२ किती जण लिहितात ते मोजून ठेवा. मुलांना फसवायला हा प्रश्न नाही, ‘हे सांगता येत नाही’ असंही उत्तर असतं आणि ते लिहिलं तर पूर्ण मार्क मिळतात हे त्यांना पहिल्यांदा कळतं.

वही बघून काय ओळखायचं

चिंचोक्यांच्या उदाहरणात ६२ असेल तर शब्द पकडलाय, त्याला परत ‘पेक्षा’च्या तोंडी कामाकडे न्या. ३२ असेल तर गोष्ट त्याला कळलीय, वजाबाकीत ५ मधून ७ जात नाहीत म्हणून त्याने ७ मधून ५ काढले आणि ४ मधून १. त्याला पट्ट्या परत शिकवू नका, दशक सुट्टं करायला शिकवा. या दोन मुलांना एकाच ‘कच्च्या’ गटात बसवणं हा दोघांवरही अन्याय आहे. शंका असली तर संख्या छोट्या करून बघा, सलमाकडे ५, गणूपेक्षा २ जास्त. ३ म्हणाला तर गोष्ट कळते, अडचण मोठ्या संख्येची आहे. ७ म्हणाला तर गोष्टच कळत नाही.

उत्तर २८ पण पट्टीत गणू मोठा काढलेला, असंही दिसतं. म्हणजे शेजाऱ्याचं बघितलं किंवा ‘आज वजाबाकीचा दिवस’ असा अंदाज केला. एकाच प्रकारची उदाहरणं सलग दिली की हे हमखास होतं, म्हणून बुधवारची जोडी लांबवू नका.

आणि पट्ट्या सगळ्याला लागत नाहीत. वेळेची उदाहरणं, सकाळी पावणेदहाला निघालेली गाडी किती वाजता पोचेल, यात आडवी काळाची रेघ जास्त बरी पडते. तसंच ज्या मुलांना आता वाचूनच कळतं त्यांच्याकडून सहाच्या सहा पायऱ्या लिहून घेऊ नका, ती कंटाळतात आणि उलट मंद होतात. त्यांनी फक्त उत्तराचं वाक्य आणि गोष्टीचा ताळा लिहिला की बास. ज्या मुलाला पायऱ्या हव्यात त्याला फळ्याची डावी बाजू लागेल तितके दिवस राहू द्या.

दोन पायऱ्यांच्या उदाहरणाकडे पुढच्या आठवड्यातच जा, आणि नवीन गोष्ट न आणता तीच वाढवा: ‘सलमाकडे ४५, गणूपेक्षा १७ जास्त, तर दोघांकडे मिळून किती?’ इथे पुन्हा ६२ येईल, कारण दिसणाऱ्या दोन संख्या मिळवल्या जातात. काही सांगू नका, फक्त ‘पट्टीवर ६२ कुठे आहेत ते बोट ठेवून दाखव’ म्हणा. ४५ ची पट्टी दिसते, पण १७ हा काही गणू नाही, ती तर दोघांमधली जागा आहे. मग आधी गणू, २८, आणि नंतर मिळून ७३.

आमच्याकडे शनिवारी अर्धी शाळा असते, तेव्हा उलटं काम देतो. फळ्यावर नुसत्या दोन पट्ट्या, वरच्या पट्टीला ५०, मधल्या जागेत १२, खालच्या पट्टीत प्रश्नचिन्ह, आणि गोष्ट मुलांनी बनवायची. एकाने लिहिलं, ‘आमच्या गायीने ५० लिटर दूध दिलं, मामाच्या गायीपेक्षा १२ लिटर जास्त.’ शेजारचा ओरडला, एवढं दूध कुठली गाय देते रे! मग दोघांनी भांडून ५० लिटर ‘डेअरीत घातलं’ असं केलं, आणि मामाचं ३८ लिटर काढून मला वही दाखवायला आले.